‘गुडघा खाली दाबा’ म्हणजे कुणी दाबायचा? घरी करायच्या व्यायामाचा कागद नव्याने लिहिताना

कराडजवळच्या एका गावात मी मावशींच्या घरी गेले, तेव्हा त्यांचा उजवा गुडघा बदलण्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत मावशी पलंगावर झोपलेल्या, दोन्ही मुठीत चादर घट्ट धरलेली. सून शेजारी गुडघे टेकून बसलेली आणि तिचे दोन्ही तळहात मावशींच्या गुडघ्यावर. ती सगळा भार टाकून गुडघा गादीत दाबत होती आणि मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजत होती. मावशींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी आधी तिचे हात बाजूला केले आणि मग विचारलं, हे कुणी सांगितलं? तिने उशीखालून कागद काढून दिला. त्यावर लिहिलं होतं : ‘गुडघा खाली दाबणे. होल्ड १० सेकंद. १० x ३, दिवसातून ३ वेळा.’

तिचं काहीच चुकलं नव्हतं. कागदावर होतं तेच ती अक्षरशः करत होती. रात्री जागून, हातातलं काम टाकून, सासूच्या वेदना पाहवत नसतानाही करत होती. चूक कागदाची होती, आणि तसे कागद फिजिओथेरपिस्ट म्हणून मी स्वतः कित्येक वर्षं लोकांच्या हातात दिले आहेत. त्या दिवशी मावशींच्या पलंगाशेजारी बसून तो कागद मी पुन्हा लिहिला. तो कसा लिहिला, आणि प्रत्येक शब्द का बदलावा लागला, ते इथे सांगते. घरात कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तुमच्याकडचा कागद वाचताना उपयोग होईल, आणि तुम्ही स्वतः फिजिओथेरपिस्ट असाल तर कदाचित जास्तच.

दाबायचं कुणी?

त्या ओळीतला व्यायाम मुळात मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा आहे. गुडघा सरळ ठेवणं हे या स्नायूचं काम. ऑपरेशननंतर सूज आणि वेदना यांमुळे मेंदू या स्नायूला जणू सुट्टी देतो. माणूस ‘आवळ’ म्हणतो, पण मांडी आवळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला पुन्हा कामाला लावायचं असतं. पाय सरळ ठेवून रुग्णाने स्वतःच मांडी आवळायची, म्हणजे वाटी मांडीकडे सरकते आणि गुडघ्याची मागची बाजू आपोआप गादीकडे जाते. गुडघा ‘दाबला जातो’ तो असा, आतून. बाहेरून कुणी दाबला तर मांडीचा स्नायू काहीच काम करत नाही. उलट दुखतं म्हणून रुग्ण अंग चोरतो आणि मागचे स्नायू घट्ट धरतो. टाक्यांवर भार पडतो तो वेगळाच.

आता मूळ वाक्य पुन्हा वाचा. ‘गुडघा खाली दाबणे.’ यात कर्ता नाही. आपण व्यायामाच्या कागदांवर सर्रास असं ‘-णे’ लावून लिहितो : पाय उचलणे, गुडघा वाकवणे, टाच ओढणे. पाककृतीत ‘कांदा चिरणे’ चालतं, कारण चिरणारा कोण यात शंका नसते. इथे पलंगावर एक झोपलेला माणूस आणि शेजारी एक काळजी करणारा माणूस अशी दोन माणसं आहेत, आणि क्रियापदाला मालक नाही. मग जो धडधाकट आहे तो ते काम अंगावर घेतो. त्यामुळे पहिला बदल केला तो हा. प्रत्येक वाक्य रुग्णाशी बोलणारं केलं, ‘तुम्ही’ घालून. आणि खाली एक ओळ : ‘दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.’

दुसरी गोष्ट, सुरुवात कुठून करायची. जुना कागद एकदम हालचालीवर येत होता. झोपून की बसून? दुसरा पाय कसा? टाचेखाली काही घ्यायचं का? कागदावर छापलेल्या चित्रातली बाई तर जमिनीवर चटई टाकून झोपली होती. नवा गुडघा घेऊन नवव्या दिवशी जमिनीवर उतरणं आणि परत उठणं हा व्यायामापेक्षा मोठा धोका आहे. म्हणून ‘पलंगावर’ हा शब्द लिहावाच लागतो.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : बरोबर झालं हे रुग्णाला कळणार कसं? मी समोर असते तेव्हा मी सांगते. मी नसताना ते सांगणारं काहीतरी कागदात हवं, आणि ते डोळ्यांना दिसणारं किंवा हाताला लागणारं हवं. ‘स्नायू आकुंचित करा’ हे ना दिसतं ना लागतं. वाटी मात्र दिसते.

मावशींच्या कागदावरची त्या व्यायामाची नवी ओळ अशी झाली :

‘मांडी आवळणे. पलंगावर पाठीवर झोपा. ऑपरेशन झालेला पाय सरळ. टॉवेलची गुंडाळी घोट्याखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही. आता तुम्ही स्वतः मांडी आवळा, गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकवायची आहे असं समजा. आवळलेलीच ठेवून मोठ्याने सावकाश पाच आकडे मोजा. मग मांडी पूर्ण सैल सोडा आणि पुन्हा पाच मोजा. हे झालं एक वेळ. बरोबर झालं की नाही : गुडघ्याची वाटी पोटाकडे थोडी सरकलेली दिसते, आणि मांडीवर हात ठेवला तर ती घट्ट लागते. चुकलं असेल तर : वाटी जागची हलत नाही आणि कुल्लाच आवळला जातो.’

लांब झालं, हे मान्य आहे. पण जुनी ओळ छोटी होती ती फक्त लिहिणाऱ्यासाठी. तिच्यातलं जे गाळलं होतं, ते सगळं मावशींच्या सुनेला स्वतःच्या अंदाजाने भरावं लागलं.

‘मोठ्याने’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे. जोर लावताना बहुतेक जण श्वास कोंडून धरतात, त्याने रक्तदाब एकदम वर जातो. ‘श्वास रोखू नका’ असं लिहिलं तर लोक श्वासाचाच विचार करत बसतात आणि मांडी विसरतात. तोंडाने आकडे म्हणणाऱ्याला श्वास रोखताच येत नाही. शिवाय मनातल्या मनात मोजलेले पाच आकडे दुखायला लागलं की दोन सेकंदांत संपतात, मोठ्याने मोजलेले तेवढे पळत नाहीत. दहाचे पाच केले ते मात्र मावशींची मांडी तेवढाच वेळ घट्ट राहत होती म्हणून. सहाव्या आकड्याला ती थरथरून सुटत होती.

आपल्या भाषेतला ‘पाय’

मराठीत लिहिताना एक अडचण आहे, ती इंग्रजी कागदाचं नुसतं भाषांतर करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ‘पाय’ म्हणजे कमरेपासून नखापर्यंतचा सगळा अवयव, आणि ‘पाय’ म्हणजे पाऊलही. ‘पाय वर-खाली करा’ असं लिहिलं तर कुणी पाऊल हलवतं आणि कुणी अख्खा पाय छताकडे उचलतं. दोन्ही वाचन बरोबर आहेत. मूळ कागदावरचा पहिला व्यायाम नेमका हाच होता, आणि तो रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटरी हलती ठेवण्याचा असतो. मावशी दर तासाला अख्खा पाय उचलायचा प्रयत्न करत होत्या, तो उचलत नव्हता, म्हणून त्यांनी तो व्यायाम ‘मला जमत नाही’ म्हणून सोडून दिला होता. सगळ्यांत सोपा आणि त्या आठवड्यात सगळ्यांत गरजेचा व्यायाम एका शब्दामुळे बंद पडला होता.

आपल्याकडे शब्द कमी आहेत म्हणून हे होत नाही. मांडी, गुडघा, वाटी, नडगी, पोटरी, घोटा, टाच, पाऊल, चवडा : घरातली कुठलीही म्हातारी हे सगळे शब्द रोज वापरते. कागद लिहितानाच आपल्याला कुठून तरी ‘अधोपाद’ आणि ‘आकुंचन-प्रसरण’ सुचतं.

‘वर’ आणि ‘खाली’ हे दुसरं दुखणं. झोपलेल्या माणसाला वर म्हणजे छत की डोकं? म्हणून दिशा सांगताना मी आता ठाम जागा सांगते. ‘पावलाची बोटं नाकाकडे ओढा, मग समोरच्या भिंतीकडे ढकला.’ नाक आणि भिंत यांत गोंधळ होत नाही. तसंच ‘उजवा-डावा’ऐवजी ‘ऑपरेशन झालेला पाय’ आणि ‘चांगला पाय’. चित्र आरशासारखं उलटं छापलेलं असतं तेव्हा लोक चित्रातला पाय बघून चांगल्याच पायाचा व्यायाम करत राहतात, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे.

‘ताण’ हा शब्द तर मी काढूनच टाकला. ताण द्या म्हणजे आवळा, की ओढा, की लांब करा? वेगवेगळ्या घरी मला तिन्ही अर्थ भेटले.

टाच सरकवण्याच्या व्यायामात मोजमापाचा प्रश्न येतो. जुन्या कागदावर ‘९० अंशांपर्यंत वाकवा’ होतं. अंश मोजायचं साधन घरी नसतं. पण खुर्ची असते. खुर्चीत नीट बसून मांडी बैठकीला टेकलेली असताना नडगी जमिनीवर उभी सरळ आली, की तो साधारण ९० अंशांचा कोन झाला. त्याच्या पुढची प्रगती फरशीवर मोजता येते. मावशींच्या खोलीत एक फूट लांबीच्या फरश्या होत्या. खुर्चीचे पाय एका रेषेवर ठेवले, मावशींनी पाऊल जमिनीवर टेकवून जमेल तितकं मागे सरकवलं, आणि अंगठा जिथे थांबला तिथे सुनेने खडूने रेघ मारली. रोज एकदा, संध्याकाळी. रेघ मागे जाते आहे की नाही एवढंच बघायचं. फक्त एक खबरदारी लिहावी लागली : ‘बसकण खुर्चीवरून उचलायची किंवा वाकडी करायची नाही.’ रेघ पुढच्या दिवशी मागे जावी म्हणून माणूस नकळत कंबर उचलतो, आणि गुडघा आहे तिथेच राहतो.

१० x ३ चा हिशेब

आता आकड्यांकडे येऊ. ‘१० x ३, दिवसातून ३ वेळा’ हे मावशींनी असं वाचलं : सकाळी दहा, दुपारी दहा, रात्री दहा, एकूण तीस. दहा गुणिले तीन म्हणजे तीस, आणि तीन वेळा हे त्यातच आलं. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र होतं की एका बैठकीला दहा-दहाच्या तीन फेऱ्या, म्हणजे तीस, आणि अशा दिवसाला तीन बैठका, म्हणजे नव्वद. एकाच ओळीचे दोन अर्थ, आणि एकात दुसऱ्याच्या तिप्पट मेहनत.

गंमत नाही, पण हिशेब करून बघा. त्या कागदावर अकरा व्यायाम होते. प्रत्येकी नव्वद म्हणजे दिवसाला ९९० हालचाली. एका हालचालीला थांबण्यासकट १२ सेकंद धरले तरी सव्वातीन तासांहून जास्त वेळ नुसता व्यायामात. ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यात कुणालाही ते झेपणार नाही. मावशींनी ‘चुकून’ तीसच केले हे बरंच झालं. दुसऱ्या एका गावात एका निवृत्त शिक्षकांनी हीच ओळ बरोबर वाचली होती. त्यांनी शिस्तीने सगळं पूर्ण केलं आणि गुडघा इतका सुजला की चार दिवस वाकेना. ज्याने कागद नीट वाचला त्यालाच त्रास झाला, हे मला जास्त लागलं.

म्हणून नव्या कागदावर गुणाकाराचं चिन्ह नाही. ‘एक वेळ’ म्हणजे काय ते आधी सांगितलं आहे, आवळणं आणि सोडणं मिळून एक. मग : ‘असं १० वेळा. १० झाले की हा व्यायाम संपला. दिवसातून तीनदा : सकाळच्या चहानंतर, दुपारी जेवून आडवं होताना, संध्याकाळी दिवा लावल्यावर.’ घड्याळाच्या वेळा मी शक्यतो लिहित नाही, कारण मावशींचा दिवस घड्याळावर चालत नव्हता. चहा मात्र रोज होतो. दुखण्याची गोळी सकाळी न्याहारीसोबत होती, म्हणून सकाळच्या बैठकीपुढे कंसात ‘गोळी घेऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर’ असं जोडलं.

मोजताना आकडा चुकतो, मध्येच कुणी हाक मारतं, फोन वाजतो. त्याला उपाय मावशींनीच काढला. उशाशी दोन वाट्या, एकीत दहा चिंचोके. एक वेळ झाला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी आता हेच सुचवते.

अकरा व्यायामांचे चार केले. सोपं वाटावं म्हणून नाही. १९९९ साली ६५ वर्षांवरच्या लोकांवर झालेला एक छोटा अभ्यास आहे, त्यात दोन व्यायाम दिलेल्या लोकांनी ते आठ व्यायाम दिलेल्यांपेक्षा जास्त नीट करून दाखवले. माझा घरोघरचा अनुभवही तोच आहे. यादी लांब असली की लोक त्यातले आपल्याला सोपे जाणारे निवडतात, आणि सोपे ते असतात जे आता गरजेचे नसतात. मावशींकडे राहिले ते हे : पाऊल हलवणं, मांडी आवळणं, टाच सरकवत गुडघा दुमडणं, आणि सरळ पाय उचलणं.

हा चौथा थोडा जपून लिहावा लागतो. चांगला पाय गुडघ्यात दुमडून ठेवायचा, ऑपरेशनचा पाय सरळ ठेवून गादीपासून एक वीत उचलायचा. एक वीतच, कारण जितका उंच तितका चांगला असं वाटून लोक छताकडे नेतात, त्याने कमरेला ओढ बसते आणि मांडीला काही जास्त मिळत नाही. पण उचलताना गुडघा थोडासा वाकत असेल, तर याचा अर्थ मांडीला अजून तो भार झेपत नाही. मग हा व्यायाम करायचाच नाही. आधी मांडी आवळायची, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा उचलून बघायचं. कागदावर ही अट व्यायामाच्या आधी लिहिली, नंतर नाही. अट खाली लिहिली तर ती दहा वेळा करून झाल्यावर वाचली जाते.

हे आकडे मावशींचे आहेत. तुमचा गुडघा किती दिवसांचा, ऑपरेशनमध्ये काय झालं, हाड कसं, यावर आकडे बदलतात. ते तुमच्या फिजिओथेरपिस्टकडूनच घ्या, फक्त ते कसे लिहून मागायचे ते इथून घ्या.

‘दुखल्यास थांबा’ हे पुरत नाही

जुन्या कागदाच्या तळाशी एकच सूचना होती : ‘वेदना वाढल्यास व्यायाम थांबवावा व डॉक्टरांना कळवावे.’ नव्या गुडघ्याला व्यायाम करताना दुखतंच. त्यामुळे ही सूचना वाचून भित्रा माणूस सगळंच बंद करतो, आणि सोसणारा माणूस, आपल्याकडच्या बहुतेक बायका या दुसऱ्या गटातल्या, ‘डॉक्टरांनी सांगितलंच होतं दुखेल’ म्हणून खरोखरचा धोकाही अंगावर काढतो. ही ओळ दोघांनाही फसवते.

मी ती चार भागांत तोडली, आणि प्रत्येक भागात ‘काय दिसलं तर काय करायचं’ असं लिहिलं.

पहिला भाग, घाबरू नका, चालू ठेवा. व्यायाम करताना ओढल्यासारखं दुखतं पण थोड्या वेळात उतरतं. संध्याकाळी सूज असते, सकाळी कमी होते. गुडघा हाताला कोमट लागतो, आणि हे काही महिने चालू राहू शकतं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते. मांडीवर किंवा पोटरीवर काळंनिळं दिसतं. हे सगळं लिहिल्यावर मावशी म्हणाल्या, “बाई, हे बधिर आधी सांगितलं असतंत तर मी तीन रात्री झोपले असते. मला वाटलं पाय मेला.”

दुसरा भाग, कमी करा, बंद करू नका. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं उतरलेलं नाही, त्या दुखण्याने रात्री झोप मोडली, किंवा आज सकाळची सूज कालच्या सकाळपेक्षा जास्त आहे. मग दहाचे पाच करायचे, दोन दिवस. पाऊल हलवणं मात्र कमी करायचं नाही. सूज ओळखायला शिंप्याची टेप वापरायला सांगितली : सकाळी उठल्यावर, वाटीच्या मधोमध, रोज त्याच जागी. मोजून आकडा कॅलेंडरवर लिहायचा.

तिसरा भाग, व्यायाम थांबवा आणि आजच फोन करा. टाक्यांतून पाणी किंवा पू येतो, लाली पसरत चालली आहे, किंवा ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त आहे. पोटरी दुसऱ्या पायाच्या पोटरीपेक्षा फुगलेली, गरम, हात लावला की दुखते, आणि रात्रभर पाय उंच ठेवूनही उतरत नाही. काल सरळ पाय उचलता येत होता, आज अचानक अजिबात येत नाही. पाऊल नाकाकडे ओढता येत नाही, चालताना लोंबतं. यातली पोटरीची खूण अवघड आहे हे मी मान्य करते, कारण ऑपरेशननंतर सगळाच पाय सुजलेला असतो. म्हणून तिथे लिहिलं : ‘शंका आली तरी फोन करा. वाट पाहू नका.’ आणि खाली फोन नंबर, मोठ्या अक्षरात, कागदाच्या त्याच बाजूला. नंबर फाईलमध्ये आणि फाईल कपाटात असेल तर त्या सूचनेचा उपयोग नाही.

चौथा भाग दोनच ओळींचा. एकदम धाप लागली, छातीत दुखायला लागलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर कुणाला विचारत बसू नका, १०८ ला फोन करा. पोटरीतली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली की असं होतं, आणि तिथे मिनिटांचा प्रश्न असतो.

यातच दोन गोष्टी अशा आहेत ज्या आपल्याकडच्या घरांत प्रेमापोटी होतात आणि कुठल्याही छापील कागदावर मला त्या सापडल्या नव्हत्या. पाय सुजला की कुणीतरी तेल गरम करून पोटरी चोळायला बसतं. पोटरीत गुठळी असेल तर चोळणं धोक्याचं. म्हणून ‘पोटरी चोळायची नाही, कुणालाही चोळू द्यायची नाही’ हे ठळक लिहिलं. आणि दुसरी, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. टाक्यांभोवतीची कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही, आणि या आठवड्यात शेकाने सूज वाढते. शेक नाही, बर्फ. तोही कपड्यात गुंडाळून, १५ मिनिटं.

उशी

मावशींच्या गुडघ्याखाली उशी होती. मी गेले तेव्हा होती, आणि मी कागद लिहीत असताना मध्येच सुनेने पुन्हा सरकवली, कारण त्यांना बरं वाटतं. बरं वाटतंच. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की आतला दाब कमी होतो. पण तसाच दिवस-दिवस राहिला तर गुडघ्यामागचे भाग आखडतात आणि पाय पूर्ण सरळ होणं राहून जातं. गुडघा कमी वाकला तर माणूस सांभाळून घेतो, पण सरळच झाला नाही तर प्रत्येक पाऊल लंगडतं, आणि ते नंतर सुधारणं फार अवघड जातं.

‘गुडघ्याखाली उशी घेऊ नये’ हे जुन्या कागदावरही होतं, सातव्या ओळीत. ते पाळलं गेलं नाही, कारण नुसतं ‘नको’ सांगितलं होतं आणि सुजलेल्या पायाचं करायचं काय हे सांगितलं नव्हतं. आता लिहिलं : ‘उशी घोट्याखाली आणि पोटरीच्या खालच्या भागाखाली घ्या. गुडघा अधांतरी राहू द्या. असं १० मिनिटं, जमेल तेव्हा. नकोसं झालं की उशी पूर्ण काढून टाका, गुडघ्याखाली सरकवू नका.’

कागद तपासायचा कसा

लिहून झाल्यावर मी ‘कळलं का?’ असं विचारलं नाही. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात, समोरच्याचा मान म्हणून. शेजारच्या खोलीत मावशींची नात अभ्यास करत होती, आठवीतली. तिला बोलावलं, कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आजीला वाचून दाखव, आजी करेल, आम्ही दोघी गप्प बसणार. गप्प बसणं फार अवघड असतं. चूक दिसली की हात पुढे जातो. पण जिथे आपण बोलतो, तिथे कागद अपुरा आहे हे आपल्याला कधीच कळत नाही.

दोन जागा अडल्या. ‘पाय सरळ’ म्हटल्यावर मावशींनी पाय सरळ केला पण पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं राहिलं, मग वाटी छताकडे न राहता भिंतीकडे वळली आणि हलताना दिसेना. म्हणून जोडलं : ‘वाटी आणि अंगठा दोन्ही छताकडे.’ दुसरी, टाच सरकवताना खरखरीत चादरीवर टाच अडकत होती, आणि जोर लावला की गुडघ्याऐवजी कंबर उचलली जात होती. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घातली, ती घसरत गेली. हेही कागदावर आलं. त्यालाच लागून : ‘व्यायाम झाला की पिशवी लगेच काढा. ती पायाखाली ठेवून उभं राहू नका.’

नात वाचत असताना मावशींच्या मुलाने फोनवर चित्रीकरण केलं. आता सगळ्यांकडे असे व्हिडिओ असतात, आणि ते चांगलेच आहेत, विशेषतः स्वतःच्याच पायाचे. पण व्हिडिओत हालचालीचा आकार दिसतो, मांडीला किती जोर लावायचा ते दिसत नाही, आणि कधी थांबायचं ते तर अजिबात नाही. म्हणून व्हिडिओ आणि कागद दोन्ही ठेवले. कागद पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला, मावशींना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात.

निघताना त्यावर वर तीन गोष्टी लिहिल्या : मावशींचं नाव, ‘उजवा पाय’, आणि ‘हा कागद फक्त पुढच्या सोमवारपर्यंत’. दुसऱ्या आठवड्याचा कागद चौथ्या महिन्यातही इमानाने करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तोच कागद शेजारणीच्या न बदललेल्या, झिजलेल्या गुडघ्यासाठी झेरॉक्स होऊन गेलेलाही पाहिला आहे.

सोमवारी गेले तेव्हा खडूची रेघ साडेतीन बोटं मागे सरकली होती. कागदाच्या कडेला नातीने पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘आजी म्हणते पाच मोजताना मध्येच शिंक आली तर तो धरायचा का?’ मी खाली लिहिलं : ‘नाही. तो चिंचोका परत पहिल्या वाटीत टाका.’